गौरींचे फोटो: एक गाल निळा, एक केशरी

अनघा (सध्या पुणे), रात्री ११.१०

मंडळी, नमस्कार. तुमच्याकडे अमेरिकेत आत्ता दुपार असेल. यंदा गणपतीत सासरी कोथरूडला आहे. आज संध्याकाळी गौरी आल्या. आमच्याकडे उभ्या गौरी, पितळी मुखवटे. साड्या नेसवून, दागिने घालून, मागे जरीचा पडदा आणि माळा लावून आरास झाली तेव्हा नऊ वाजले होते. समोर बसून बघताना डोळे निवतात. फोटोत मात्र सगळा विचका!

धाकटीचा एक गाल निळसर, दुसरा केशरी. मागच्या माळांवर आडवे काळे पट्टे. थोरलीच्या गालावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, आणि मोठं करून बघितलं तर तिच्या कपाळात चक्क मी, फोन वर धरून उभी. फ्लॅश लावून पाहिला तर पितळ पांढरंफटक, जर गायब आणि पडद्यावर दोन काळी डोकी.

उद्या पूजा साडेअकराला. नागपूरच्या आत्या आणि तिकडची सगळी मंडळी फोटोची वाट बघतायत. त्याआधी काय करू?

वर्षा, दुपारी २.०५

अगं, पितळ निळसर दिसतंय म्हणजे नीट उजळलेलं नाही. चिंच-मीठ लावून घास आणि लगेच कोरडं कर, पाण्याचे डाग राहिले की असंच होतं. आमचा गणपती तळघरात बसतो, तिथे खिडकीच नाही, त्यामुळे आमचे फोटो दर वर्षी पिवळेच येतात. आता सवय झाली.

निखिल, दुपारी २.३०

अनघा, पट्ट्यांचं कारण सोपं आहे. तुझा फोन अमेरिकेतला. इथली अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झ, तिथली पुण्यातली ५०. म्हणजे तिथले दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, इथले १२०. सेटिंगमध्ये जाऊन ५० कर, पट्टे जातील. बाकी रंगाचं म्हणशील तर नंतर एडिट करताना निळा कमी कर. दोन मिनिटांचं काम.

शिरीष, दुपारी ३.४५

निखिलचं निम्मं बरोबर आहे. मी लक्ष्मी रोडला अठरा वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली निम्मी वर्षं सराफांच्या दागिन्यांचे फोटो काढण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रंग. वर्षा, पितळेचा दोष नाही, ते बिचारं स्वच्छ असेल. अनघाच्या खोलीत तीन जातींचा उजेड आहे: ट्यूबचा निळसर, पिवळ्या बल्बचा आणि समईचा, जो सगळ्यांत केशरी. आपला डोळा हे सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला मात्र कुठला तरी एकच उजेड पांढरा धरावा लागतो. ट्यूब धरली की बल्बकडचा गाल केशरी, बल्ब धरला की ट्यूबकडचा निळा. नंतर एडिट करताना रंग फिरवलास तर दोन्ही गाल एकाच दिशेला सरकतील आणि साडीचा रंगही बिघडेल. तेव्हा दिवे कमी करणं हाच उपाय, आणि तो फोटो काढण्याआधी करायचा.

म्हणून म्हणतो, रात्रीचा नाद सोड. सकाळी आठ-नऊला ट्यूब, बल्ब, झुंबर सगळं बंद कर आणि खिडकीच्या उजेडात काढ. भाद्रपदातलं ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा स्टुडिओ आहे, अख्खं आभाळच मोठ्या मऊ दिव्यासारखं काम करतं. ऊन पडलंच तर खिडकीला पातळ पांढरं धोतर लाव. समई चालू राहू दे. दिवसा तिचा उजेड चेहऱ्यापर्यंत पोचत नाही, ज्योत तेवढी छान दिसते.

खिडकी गौरींच्या बाजूला हवी. पाठीमागे असेल तर चेहरे काळे पडतील. फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असेल तर सगळं सपाट दिसेल. बाजूने तिरपा उजेड आला की निऱ्या, जर, मोत्यांची गोलाई, सगळं उठून येतं. फ्लॅश नेमकं हेच मारतो, कारण तो समोरून येतो.

आता मुखवटा. चकचकीत पितळ म्हणजे फुगीर आरसा. त्याच्या समोर जे असेल ते तो दाखवणार: ट्यूब, खिडकीचे गज, तू. तेव्हा आरशाला काय दाखवायचं ते आपण ठरवायचं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चौकटीबाहेर दोन-तीन फुटांवर कपडे वाळत घालायचा स्टँड उभा कर आणि त्यावर पांढरी चादर टाक. अंधाऱ्या गालावर उजेड परतेल आणि पितळात घरातला पसारा दिसायच्या ऐवजी स्वच्छ पांढरा पट्टा दिसेल. चादर रंगीत नको, तो रंग गालावर उतरतो. तू स्वतः गडद, बिनचमकीचा कपडा घाल आणि लांब उभी राहा. फुगीर आरशात लांबचा माणूस बारीक होतो.

लांब उभं राहण्याचं आणखी एक कारण आहे. जवळून रुंद लेन्सने काढलं की पुढचं ताट परातीएवढं होतं आणि कडेची गौर बाहेर झुकते. मागे सरक, पॅसेजमध्ये जावं लागलं तरी चालेल, आणि २x वर काढ. फोनची उंची मुखवट्याच्या हनुवटीच्या जरा खाली. आपण उभ्याने छातीशी फोन धरून तो खाली कलवतो, मग गौरी बुटक्या दिसतात आणि कपाळच कपाळ येतं.

पट्टे उद्या बघू. दिवसा माळांची गरजच नाही.

सुलभा, संध्याकाळी ५.२०

शिरीष, तुझं सगळं पटलं, पण पूजेच्या सकाळी आठला घरात काय चाललेलं असतं ते तुला ठाऊक नाही असं दिसतंय. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, घावन-घाटलं! कोण धोतरं टांगत बसणार? आणि फोटोत नैवेद्याचं ताट नसेल तर आत्या पहिल्यांदा तेच विचारणार. आमच्या वेळी स्वयंपाक होऊन नैवेद्य दाखवला की मग फोटो. देवीपुढचं ताट फोटोसाठी अडवून ठेवलेलं मला तरी चालत नाही.

शिरीष, संध्याकाळी ५.५०

काकू, ताट अडवायचं नाही. सकाळी नुसत्या गौरी काढायच्या, नैवेद्य दाखवून झाला की ताटासकट एक. फोन कुठे धरायचा ते सकाळीच ठरलेलं असलं की दुसऱ्याला अर्धं मिनिट पुरतं.

पसाऱ्याचं राहिलं. पूजेचं काही हलवायचं नाही, दुकानातून आलेलं तेवढं उचलायचं. तेलाची बाटली, काडेपेटी, उदबत्तीचा पुडा, कापराची डबी, हळदकुंकवाची प्लॅस्टिकची पाकिटं. एक टोपली घेऊन फिरायचं. मग एक फोटो काढून फोन उलटा धरून बघायचा. उलट्या चित्रात गौरी ‘गौरी’ म्हणून दिसत नाहीत, त्यामुळे नजर कडांना जाते आणि एक्स्टेंशन बोर्ड, लोंबणारी वायर, भिंतीवरचं कॅलेंडर लगेच सापडतं.

वर्षा, तळघराचं सांगतो. खिडकी नसेल तर एकाच जातीचे दिवे ठेव. एकाच खोक्यातले दोन सारखे बल्ब दोन टेबललॅम्पना लाव आणि त्यांची तोंडं पांढऱ्या छताकडे कर. सगळा उजेड एकाच रंगाचा झाला की फोनला तो सुधारता येतो.

अनघा, पुणे, सकाळी १०.१५

काका, जमलं! सगळं वाचून साडेसातला कामाला लागले. बाल्कनी गौरींच्या उजव्या हाताला आहे. दिवे बंद केल्यावर सासरे म्हणाले, सणाच्या दिवशी अंधार कसला. त्यांना फोनमध्ये दाखवलं तेव्हा गप्प झाले.

पहिल्या फोटोत थोरली छान, धाकटीचा बाल्कनीपासून लांबचा गाल काळा. स्टँड आणि चादर उभी केली, तो गाल उजळला. पण चादर फार जवळ होती, तिची घडी पितळात रेघेसारखी दिसत होती. स्टँड फूटभर मागे नेला, घडी झटकून सरळ केली, गेली. मग पॅसेजमध्ये फडताळाला टेकून स्टुलावर बसले, २x लावलं, थोरलीच्या गालावर बोट दाबून धरलं. `AE/AF LOCK` आलं. तरी कपाळावर चमक जास्त वाटली म्हणून बोट जरा खाली ओढून फोटो गडद केला. पितळ पितळेसारखं दिसलं, साडीची जांभळी जर पहिल्यांदा जांभळी आली.

उलटा फोन धरल्यावर काय सापडलं असेल? मखराच्या कडेला किमतीचं स्टिकर. काल तिघीजणी तासभर तिथेच बसलो होतो.

आता अडचण अशी की सगळ्यांना माळा लावलेला संध्याकाळचाही फोटो हवाय. निखिल, ५० हर्ट्झचं सेटिंग माझ्या फोनवर सापडत नाही.

निखिल, रात्री १.२०

आयफोन आहे का? मग फोटोसाठी नाहीच ते. मी अँड्रॉइड धरून चाललो होतो. व्हिडिओसाठी मात्र आहे: `Settings > Camera > Record Video > Show PAL Formats`. ते सुरू करून २५ फ्रेमवर घे, आरतीचा व्हिडिओ लुकलुकणार नाही.

शिरीष, सकाळी ७.३०

फोन सहसा विजेचा वेग स्वतःच ओळखतो, म्हणून अमेरिकेतला फोन हे कारण मला पुरेसं वाटत नाही. अनघा, तुझ्या माळेला एक छोटी डबी आणि बटण आहे का, दाबलं की उघडझाप, पळती वगैरे बदलणारी? तसल्या माळा त्या डबीच्या स्वतःच्या वेगाने लुकलुकतात, तिथे ५० आणि ६० चा हिशोब चालत नाही. बटण दाबत स्थिर उजेडावर आण. तरी फोनच्या पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर फोटोपुरती ती माळ बंद ठेव. साध्या ट्यूब-बल्बचेच पट्टे असतील तर निखिलचं खरं. शटर हाताने ठरवता येणाऱ्या फोनवर १/१०० किंवा १/५० ठेवलं की ते जातात.

आणि रात्र होऊ देऊ नकोस. आत्ता पुण्यात सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे दहा मिनिटं खिडकीतला उजेड आणि माळा जवळजवळ सारख्याच असतात. तेव्हा काढ.

अनघा, पुणे, संध्याकाळी ७.४०

डबी आहे. स्थिर केल्यावर पट्टे पुष्कळ कमी झाले, पण एका माळेचे गेले नाहीत, ती काढूनच टाकली. सहा पस्तीसचा फोटो घरात सगळ्यांना सर्वांत आवडला. मला अजून सकाळचाच आवडतो. संध्याकाळच्या फोटोत चेहरे किंचित निळे वाटतात, पण ते फक्त मलाच दिसतंय म्हणे.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर जरीचा चिखल झाला, म्हणून आत्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवला.

शिरीष, सकाळी १०.२०

डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोबरोबर घराचं लोकेशनही जातं, फोनमध्ये ते चालू असेल तर. आत्यांना चालेल. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकताना एचडीवाला पर्याय वापर.

सुलभा, सकाळी ११.००

ताटाचा फोटो कुठाय?

अनघा, पुणे, रात्री ९.१५

काकू, नैवेद्य दाखवल्यावर काढला, पण ताटामागे तेलाची बाटली आलीय. टोपली तोवर स्वयंपाकघरात गेली होती. तसाच पाठवते.