विषय: ६० पानांसाठी काकडीचं रायतं, पाणी न सुटता

मीनल
नमस्कार मंडळी,
गणपतीच्या जेवणात मसालेभाताबरोबर काकडीचं रायतं ठरलंय. पानं ६०. सगळं घरून सकाळी नऊला निघणार आणि पंगत साडेबाराला. तोवर तळाशी पाणी साचायला नको. काकडी किती, दही किती आणि मीठ नेमकं कधी घालायचं?

राहुल
मीनल, ग्रीक योगर्ट आण, प्रश्न मिटला. मीठ सकाळीच घालून टाक, म्हणजे मुरतं. उगाच पिळत वगैरे बसू नकोस.

अनिल
काकडीत दही घालायचंच कशाला? ओलं खोबरं, दाण्याचं कूट, लिंबू आणि वरून जिरं-मिरचीची फोडणी. झाली खमंग काकडी.

सुनंदाकाकू
अनिल, तिने रायतं विचारलंय. खमंग काकडी पुढच्या खेपेला तूच कर.

राहुल, घट्ट दही हे निम्मंच काम. सुटणारं पाणी बहुतेक काकडीचं असतं. मीठ लागलं की ती ते सोडणारच. कालवल्यावर सोडलं तर ते दह्यात जातं, मग दही कितीही घट्ट असो. सकाळी नऊला मीठ घालून कालवलंस तर साडेबाराला वरण वाढशील.

तेव्हा मीनल, पाणी आधीच काढून टाक. लांब, प्लास्टिकात गुंडाळलेली काकडी घे, ४ किलो. मेणाचा थर असलेल्या जाड काकडीचं साल काढावं लागतं आणि मधला बियांचा गरही चमच्याने खरवडून टाकावा लागतो. सगळ्यात जास्त पाणी तिथेच असतं. देठाकडचा तुकडा चाखून बघ. कडू निघाला तर ती काकडी बाजूला ठेव.

काकडी बारीक कोचव. किसलीस तर पाणी फार सुटतं आणि दाताखाली काही येत नाही. ४ किलोला चहाचे सपाट ४ चमचे मीठ चोळ आणि चाळणीत २० मिनिटं ठेव. मग पंचात थोडी थोडी घेऊन पिळ. सगळी एकदम घेतलीस तर मधली ओलीच राहते. मुठीत दाबल्यावर थेंब गळायचे थांबले की बस. आणखी पिळलीस तर चोथा होतो. पावणेतीन किलोच्या आसपास उरेल. पाणी फेकू नकोस, थालीपिठाच्या पिठात घाल. फक्त तिथे मीठ बेताने.

एवढ्याला दही २ किलो. नुसतं ग्रीक योगर्ट पिठूळ लागतं, म्हणून सव्वा किलो ते आणि पाऊण किलो साधं फुल-फॅट दही घे. डब्यावर जिलेटिन किंवा स्टार्च लिहिलेलं असेल तर घेऊ नकोस. ते डब्यात घट्ट दिसतं, ढवळलं की सैल पडतं. दही रवीने घुसळू नकोस, चमच्याने हलक्या हाताने सारखं कर. वरचं मीठ आत्ता नाही, कारण काकडीत थोडं राहिलेलंच असतं.

स्नेहा
काकू, आमच्याकडे घरचंच दही लागतं, विकतचं चालत नाही. ते पातळ होतं. मग काय करायचं?

सुनंदाकाकू
३ किलो दही पंचात बांधून फ्रिजमध्ये चाळणीवर दोनेक तास ठेव, खाली पातेलं. २ किलोच्या आसपास उरलं की सोडव. रात्रभर राहिलं तर चक्का होतो आणि कालवताना पुन्हा दूध घालावं लागतं.

राहुल
पिळलेली काकडी मऊ पडते हो. त्यापेक्षा काकडी आणि दही वेगवेगळ्या डब्यांत न्यायचं आणि पंगतीच्या आधी मीठ घालून कालवायचं. करकरीत राहील.

सुनंदाकाकू
दहा माणसांना हे चालेल, आणि चवीला तेच चांगलं. पण ६० पानं वाढून होईपर्यंत पातेलं अर्धा तास तरी उघडं राहतं आणि शेवटच्या पंक्तीला पाणी येतं. मी पिळलेलीच घेईन. वेगळ्या डब्यांचं मात्र पटलं: पिळलेली काकडी आणि दही वेगळं ने, दोन्ही बर्फाच्या पेटीत, आणि बाराला कालव.

कालवल्यावर चमचाभर बशीत काढून पाच मिनिटं ठेव. कडेला पाणी दिसलं तर दाण्याचं भरड कूट दोन मुठी घाल, ते पाणी ओढून घेतं. आणखी दही ओतू नकोस, त्याने नुसतं पातेलं वाढतं. शेवटी चव बघून मीठ आणि चिमूटभर साखर. फोडणी गार झाल्याशिवाय वर घालू नकोस.

मीनल
पिळूनच करते. पण साखरेनेही पाणी सुटतं ना? आमच्या घरी म्हणूनच घालत नाहीत.

अनिल
कूट घालणारच आहात, तर दही कमी करा की.

सुनंदाकाकू
सुटतं, पण पिळलेल्या काकडीत सुटायला उरतंच किती? ६० जणांत साखर न खाणारेही असतील, तर वेगळी वाटी ठेव. अनिल, पंचा तू आण.