सल्ला हवाय: पसंतीक्रमाच्या चिठ्ठ्या मोजायच्या कशा? गुण देऊन की शेवटचा बाद करत?

वाचनवेडी
आमच्या वाचनालयाचा कार्यवाह निवडायचाय. उमेदवार तिघं, क, ख, ग म्हणू. ३० सभासदांनी चिठ्ठीवर तिघांचाही क्रम लिहून दिलाय, कुणीच अर्धवट सोडलं नाही. आम्हाला नुसता विजेता नकोय, यादी हवीय, कारण पहिल्याने पद सोडलं तर पुढचा बसवायचाय. चिठ्ठ्या अशा:

क-ख-ग : १२
ग-ख-क : ११
ख-क-ग : ४
ख-ग-क : ३

पहिल्याला २, दुसऱ्याला १, तिसऱ्याला ० असे गुण दिले तर ख ३७, क २८, ग २५. आणि सगळ्यात कमी पहिली पसंती असलेला बाद करत गेलं तर ख ७ वरच जातो, मग क १६ ग १४, म्हणजे क जिंकला आणि ख शेवटचा. चिठ्ठ्या त्याच आणि एकात ख पहिला, दुसऱ्यात तळाला, डोकं फिरलं. काय करू?

सातारकर
बाद करत जायचं, विषय संपला. विधान परिषदेला पदवीधरमध्ये असंच असतं. १९६९ ला गिरी राष्ट्रपती झाले तेव्हा पहिल्या पसंतीत कोटा गाठला नव्हता, बाकीचे बाद होऊन त्यांच्या दुसऱ्या पसंतीवर झाले. शेवटी बहुमत ज्याच्या मागे तोच येतो.

गणिती_काका
सातारकर, गिरींचं बरोबर आहे पण ते पहिल्या फेरीतही पुढेच होते, त्यामुळे या भांडणाचं उदाहरण ते नाही. आणि बहुमत म्हणाल तर ख आणि क यांचीच तुलना करा, ३० पैकी १८ जणांनी ख ला वर लिहिलंय. ख आणि ग मध्ये १९ जणांनी. दोघांनाही समोरासमोर हरवणारा माणूस पहिल्याच फेरीत घरी जातो, कारण ही पद्धत बाद करताना फक्त वरचं नाव बघते, २३ जणांची ख ही दुसरी पसंती आहे हे तिला दिसतच नाही कारण त्या चिठ्ठ्या उघडायच्या आधीच ख गेलेला असतो.

रांगोळीवाली
आमच्या सोसायटीत रांगोळी स्पर्धेला आम्ही गुणच देतो, तीन परीक्षक, काही कटकट नाही. बरोबरी झाली तर दोघींना बक्षीस 😀

गणिती_काका
ताई, परीक्षकाला कुणाला पाडायचं नसतं, इथे गट आहेत. गुणांची गोम सांगतो. क च्या गटाने घ नावाचा एक डमी उभा केला असता, सगळ्यांनी त्याला क च्या लगेच खाली लिहिलं असतं. मग गुण ३, २, १, ०. मोजून बघा, क ५८, ख ५५, ग ३९, घ २८. एकाचंही मत बदललं नाही, घ ला कुणी पहिली पसंतीही दिली नाही, तरी क जिंकला, कारण क-घ-ख लिहिणाऱ्या १२ जणांच्या चिठ्ठीत क आणि ख मधलं अंतर एक गुणाचं दोन गुणांचं झालं. बाद पद्धतीत घ पहिल्याच फेरीत शून्यावर उडतो आणि निकाल जसाच्या तसा.

सातारकर
बघा म्हणजे गुणांत लबाडी चालते. क वाले ख ला मुद्दाम तळाला टाकतील.

गणिती_काका
टाकू दे की. १२ पैकी ७ जणांनी क-ग-ख लिहिलं तर ख ३०, क २८ आणि ग ३२! क चे गुण तसूभर वाढत नाहीत, वाढतात ग चे, म्हणजे जो नको होता तोच येतो. उलट ग वाल्यांपैकी ५ जणांनी ख ला खाली ढकललं तर क ३३, ख ३२. त्यांचंही तेच. हा डाव खेळायला बाकीचे काय लिहिणार ते माहीत असावं लागतं.

वाचनवेडी
मग यादीचं काय? बाद पद्धतीत उलट्या क्रमाने क, ग, ख लावू का?

गणिती_काका
अजिबात नको. उद्या क ने राजीनामा दिला तर तुमच्या यादीप्रमाणे ग बसेल. पण त्याच चिठ्ठ्यांवरून क चं नाव खोडून परत मोजा, ख १९, ग ११. बाद होण्याचा क्रम म्हणजे राखीव यादी नव्हे. ती पद्धत घ्यायचीच तर प्रत्येक वेळी गेलेल्याचं नाव खोडून पहिल्यापासून मोजायचं.

मला विचाराल तर माणसं मोजकी असतील तेव्हा जोड्या लावून बघा, इथे ख दोघांनाही हरवतो आणि क ग ला १६-१४ ने. ख, क, ग. इथे गुणांचीही हीच यादी येते, दरवेळी येईलच असं नाही. कधीकधी क ख ला, ख ग ला आणि ग क ला हरवतो, तेव्हा जोड्यांवरून काहीच ठरत नाही.

नियमवाला
एक मिनिट, मोजणी झाल्यावर पद्धत ठरवताय? आता कुठलीही निवडलीत तरी ती पद्धत नाही, तो उमेदवार निवडलात. घटनेत काय लिहिलंय?

वाचनवेडी
घटनेत फक्त "पसंतीक्रमाने निवड" एवढंच आहे 😐 आणि आकडे क ला पण माहीत झालेत.

सातारकर
मग क बाद पद्धतच मागणार!

नियमवाला
आणि ख गुणांची. चिठ्ठ्या बाजूला ठेवून सर्वसाधारण सभेत आधी पद्धतीचा ठराव करा आणि नव्याने मतदान घ्या.

गणिती_काका
ठराव करताना पण सगळ्यांना आकडे ठाऊक असणारच हो.