मदत हवी आहे: मतदान म्हणजे राज्याला दिलेली संमती का?

लॉकच्या मौन संमतीवर टिपण लिहितोय आणि एका जागी अडलोय. त्याच्या मते राज्याच्या हद्दीत नुसतं राहणं, अगदी रस्त्यावरून मोकळेपणी जाणंही संमतीला पुरतं. हा मार्ग मी सोडलाय. ह्यूमने 1748 मध्येच तो मोडला: झोपेत जहाजावर आणलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, एवढ्यावरून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं होत नाही.

म्हणून मतदानाकडे वळलो. ती निदान जाणूनबुजून केलेली कृती आहे. पण बैठकीत अध्यक्ष "कुणाची हरकत?" विचारतात तेव्हा गप्प राहणं संमती ठरतं, कारण हरकत घेतली तर तिची दखल घेतली जाते. इथे मत न देणाऱ्यालाही तेच कायदे, तेच कर. नकाराला जागाच नसेल तर होकाराचं वजन किती?

काल्पनिक संमती, कृतज्ञता, न्याय्य वाटा हे युक्तिवाद माहीत आहेत. उत्तर प्रत्यक्ष संमतीच्या चौकटीतच हवंय.

मत देणाऱ्यापुरतं तरी बंधन निर्माण होतं का, की राज्य कोणी चालवावं ही पसंती आणि राज्याचा अधिकार मान्य करणं या मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत?