मदत हवी आहे: भांडवलाचा तक्ताच गेला, आता गुडविल कसं काढायचं?

साखळीची_ताई
धाकटा भाऊ बारावी कॉमर्सला आहे. सरांनी पार्टनरशिपचं एक गणित दिलं, पण भांडवलाचा तक्ता वेगळा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. तो फोटो कुणीतरी डिलीट केलाय, आणि सर चतुर्थीला गावी गेलेत. हातात आहे ते एवढंच:

गोविंद, सुनीता आणि आंतोन यांचा काजूचा कारखाना. नफा-तोटा भांडवलाच्या प्रमाणात. मागच्या तीन वर्षांचा नफा १,८०,०००, २,१०,००० आणि २,४०,०००. नॉर्मल रेट १२ टक्के. गुडविल म्हणजे सुपर प्रॉफिटची तीन वर्षांची खरेदी. शीतल पाचव्या हिश्श्यावर आत येते आणि आपल्या वाट्याचं गुडविल रोख आणते.

खाली उत्तर दिलंय: फर्मचं गुडविल १,८०,०००. शीतलच्या पैशांतून गोविंदला १८,०००, सुनीताला १०,८०० आणि आंतोनला ७,२००.

भाऊ म्हणतो, तक्त्याशिवाय हे सुटायचं नाही. खरंच का?

म्हापशेकर
गॅलरीत ‘नुकतेच डिलीट केलेले’ असा फोल्डर असतो, तिथे बघितलंत का? माझे लग्नाचे फोटो तिथेच सापडले.

साखळीची_ताई
बघितलं हो, नाही. मला फोटो नको, गणित हवंय.

फोंड्याचा_वकीलबाबू
प्रमाणच माहीत नसेल तर भारतीय भागीदारी कायदा १९३२, कलम १३ लागतं. नफा सगळ्यांना सारखा. म्हणजे ३६,००० तिघांत १२-१२ हजार.

जुना_हिशेबनीस
वकीलबाबू, कलम १३ बरोबर, पण ते करार गप्प असला तर. इथे करार बोलतोय, ‘भांडवलाच्या प्रमाणात’. आपल्याला आकडे दिसत नाहीत म्हणून करार मुका होत नाही. शिवाय छापील उत्तरात तिघांना वेगवेगळे पैसे मिळालेत, तिथेच तुमचे १२-१२ पडले.

ताई, भावाला उलटं चालायला सांगा. गुडविल १,८०,०००, ते तीन पट, म्हणजे सुपर प्रॉफिट ६०,०००. तीन वर्षांची सरासरी २,१०,०००. त्यातून ६०,००० वजा केले की नॉर्मल नफा १,५०,००० राहिला. तो १२ टक्क्यांनी आला असेल, तर गुंतलेलं भांडवल १२,५०,०००.

आता वाटणी. १८,०००, १०,८००, ७,२०० यांची बेरीज ३६,०००, म्हणजे १,८०,००० चा पाचवा हिस्सा, ताळा जुळला. प्रमाण ५:३:२. शीतलचा हिस्सा तिघांनी जुन्या प्रमाणातच सोडला असं धरलं, तर जुनं प्रमाणही तेच. म्हणून भांडवल ६,२५,०००, ३,७५,००० आणि २,५०,०००.

पेडण्याची_शिक्षिका
रीत बरोबर आहे, पण हे आकडे मला खटकतात. गणित घालणारा माणूस सव्वासहा लाख लिहीत नाही. ताई, ताळेबंदातली एखादी ओळ राहिली का? जनरल रिझर्व्ह वगैरे?

साखळीची_ताई
अगो बाई! शेवटी आहे, ‘जनरल रिझर्व्ह ५०,०००’. मला वाटलं तो पुढच्या गणिताचा भाग.

पेडण्याची_शिक्षिका
मग झालं. गुंतलेल्या भांडवलात रिझर्व्हही धरतात, तोही भागीदारांचाच पैसा. १२,५०,००० मधून ५०,००० गेले, तिघांचं भांडवल १२,००,०००. ते ५:३:२ ने वाटा: ६,००,०००, ३,६०,०००, २,४०,०००. हे तक्त्यातले वाटतात.

मुलं हमखास चुकतात ते इथेच. नुसत्या भांडवलावर १२ टक्के लावले तर नॉर्मल नफा १,४४,००० येतो, सुपर प्रॉफिट ६६,००० आणि गुडविल १,९८,०००. उत्तराशी १८,००० चा फरक दिसला की समजायचं, रिझर्व्ह विसरला.

जुना_हिशेबनीस
मान्य, माझा आकडा मागे घेतो. एक शंका मात्र राहते. ५:३:२ हे खरं तर त्यागाचं प्रमाण. शीतलने आपला हिस्सा तिघांकडून वेगळ्या हिशेबाने घेतला असेल, तर जुनं प्रमाण निराळं असू शकतं. मजकुरात तसं काही नाही, म्हणून जुनं धरतात. तरी सरांना विचारा.

म्हापशेकर
आता माझंही विचारतो. बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानातले भागीदार बाहेर पडताहेत. करारपत्र सापडत नाही, फोनवर होता तो फोटोही गेला. मीही असंच मागे मागे जाऊन प्रमाण काढू का?

जुना_हिशेबनीस
नको. गणितात उत्तर छापलेलं असतं, तुमच्याकडे ते भागीदाराच्या तोंडचं असेल. सीएकडे फर्मचे जुने आयटीआर-५ मागा. त्यात प्रत्येक भागीदाराचा टक्का असतो, आणि ताळेबंदात भांडवल. सगळ्या वर्षांचे टक्के एकच आहेत का ते आधी बघा.

म्हापशेकर
आणि मधल्या एका वर्षी टक्का बदललेला निघाला तर?

साखळीची_ताई
हिशेबनीसकाका, शिक्षिकाबाई, देव बरें करूं. भाऊ आता १,९८,००० का आले ते शोधतोय, त्याच्या वहीत तोच आकडा होता.