कुकरशिवाय मुगाचं वरण: बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजायला वेळ का लागतो?

मंडळी, मदत हवी आहे. इंदूरला भाड्याच्या खोलीत राहते, कुकर नाही, त्यामुळे वरण पातेल्यातच लावते. मुगाची डाळ एक वाटी, तीन-चारदा धुऊन अर्धा तास भिजवलेली, पाणी चार वाट्या.

फेसाचं जमलंय. पहिली उकळी येईपर्यंत झाकण ठेवतच नाही, वर येणारा पांढरा फेस पळीनं काढून टाकते. मग हळद, थोडं तेल, आच मंद आणि झाकण तिरकं. तेलामुळे फेस पुन्हा फारसा चढत नाही, ओटाही वाचतो.

अडतं ते पुढे. नळाला नर्मदेचं पाणी असेल त्या दिवशी पंचवीसेक मिनिटांत दाणा बोटांत दाबला की लोणी. बोरिंगचं पाणी वापरलं की पाऊण तासानंतरही दाबल्यावर मधे पांढरी कणी लागते, आणि वरचं पाणी वेगळंच राहतं. डाळ तीच, डबाही तोच. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळ लवकर मऊ होत नाही, हे ठाऊक आहे. मीठ मी शेवटीच घालते, टोमॅटो-चिंचही डाळ शिजल्यावरच, म्हणजे आंबटामुळे अडत नसणार.

चिमूटभर सोडा घालावा का? चव साबणासारखी होते म्हणून हात धजावत नाही. एका वाटीला नेमका किती पुरतो? की तेवढ्यापुरतं नर्मदेचं पाणी भरून ठेवणंच बरं? मसूरही बोरिंगच्या पाण्यात असाच अडतो का, तेही सांगा.