नवं वॉशिंग मशीन सारखं बंद पडतंय, दुकानदार पैसे परत देत नाही. मदत हवी आहे

सायली_सांगली:
फेब्रुवारीत गावातल्या दुकानातून २४,५०० रुपयांचं फ्रंट लोड मशीन घेतलं. महिन्याभरातच स्पिनला गेलं की धाडधाड आवाज करून थांबायला लागलं, पाणी तळाशीच राहतं. कंपनीच्या माणसाने आधी ड्रेन पंप बदलला, नंतर बोर्ड बदलला. दोन-चार धुणी बरी जातात, मग परत तेच. दुकानदार म्हणतो, "आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला." बिलावर शिक्काही आहे, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मला आता दुरुस्ती नको, पैसे हवेत. मागता येतात का? तक्रार कशी लिहू?

नंदू७१:
त्या शिक्क्याला काही अर्थ नाही. ३० दिवसांत कुठलीही वस्तू परत घ्यावीच लागते, तसा कायदाच आहे. दुकानात जाऊन ठणकावून सांगा.

अर्जविनंती:
नंदूभाऊ, अर्धं बरोबर. ती तरतूद सदोष मालासाठी आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत असा माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रंग आवडला नाही म्हणून परत करायला ती लागू नाही. सायली, तुमचे ३० दिवस उलटले असले तरी हक्क संपत नाही. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षं असतात.

पण आयोग सरसकट पैसे देत नाही. एखादा भाग बदलून काम भागत असेल तर बहुतेकदा दुरुस्तीचाच आदेश होतो. दुरुस्ती करूनही तोच दोष परत येतोय, हे कागदावर दिसलं की बदली मशीन किंवा व्याजासह रक्कम मागायला जोर येतो. तुमच्याकडे जॉबशीट आहेत का?

सायली_सांगली:
पहिल्या दोन आहेत. शेवटच्या वेळी त्याने 'मशीन ओके' लिहून सही घेतली आणि ओटीपी मागून तक्रार बंद केली. दुसऱ्या दिवशी मशीन परत थांबलं.

अर्जविनंती:
हेच नडतं. उद्या कंपनी तोच कागद पुढे करणार. आजच नवी तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपा. मशीन थांबताना पडद्यावर जो एरर येतो त्याचा व्हिडिओ काढा. पुढे माणूस आला की सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, 'स्पिन चालू नाही, पाणी साचते.' काम होईपर्यंत ओटीपी देऊ नका.

मग दुकानदार आणि कंपनी दोघांच्या नावे एकच पत्र. दोघांनाही धरा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतील. मजकूर साधा ठेवा:

"दि. __ रोजी बिल क्र. __ ने रु. २४,५०० देऊन मशीन (मॉडेल __, सिरियल __) घेतले. स्पिनच्या वेळी ते बंद पडते. दि. __ रोजी ड्रेन पंप व दि. __ रोजी बोर्ड बदलूनही दोष कायम आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मशीन परत नेऊन रु. २४,५०० परत करावेत, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागावी लागेल."

बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट यांच्या झेरॉक्स जोडा. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. शिव्याशाप, मनस्तापाचं पुराण नको. तारखाच बोलतात.

खानावळवाली:
माझा पण असाच प्रॉब्लेम. खानावळीसाठी मोठा ग्राइंडर घेतला, मोटर जळाली. दुकानदार म्हणतो धंद्यासाठी घेतलाय, ग्राहक कोर्ट चालणार नाही. खरं का?

अर्जविनंती:
ताई, तुम्ही स्वतः राबून पोटासाठी खानावळ चालवत असाल तर सवलत आहे, तुम्ही ग्राहकच. माणसं ठेवून मोठा व्यवसाय असेल तर वाद होतो. वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

मिरजकर:
ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा की, फुकट आहे. माझ्या भावाचा मोबाइल तिथूनच बदलून मिळाला.

अर्जविनंती:
जरूर करा. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि बऱ्याचदा वरचा माणूस हलतो. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, आणि तिथे वाट बघताना दोन वर्षांची मुदत चालूच राहते.

१५ दिवसांत उत्तर नाही आलं तर e-jagriti.gov.in वर तक्रार दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. पत्रातलाच मजकूर क्रमवार मांडा, शेवटी मागणी लिहा: रक्कम, व्याज, त्रासाची भरपाई, खर्च. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. आयोग मशीन तपासणीला पाठवू शकतो, म्हणून ते आता बाहेरच्या मेकॅनिककडून उघडू नका.

नंदू७१:
निकाल तीन महिन्यांत लागतो ना?

अर्जविनंती:
कायद्यात तपासणी नसेल तर तीन आणि असेल तर पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात तारखा पडतात.

सायली_सांगली:
आताच दुकानातून फोन आला, बदली मशीन देतो म्हणाले, पण वरून ३,००० मागतात, "नवीन मॉडेल आहे." घेऊ का?

अर्जविनंती:
वरचे पैसे का, ते लेखी मागा. आणि बदली मशीनची वॉरंटी कुठल्या तारखेपासून, तेही लिहून घ्या. घ्यायचं की नाही, ते उत्तर आल्यावर बघू.