छोट्या व्हिडिओचा शेवट: सांधा लपवायचा की शेवट दाखवायचा?

पहिलीफ्रेम
बुटाची नाडी घट्ट कशी बांधावी यावर १२ सेकंदांचा उभा व्हिडिओ करतेय. शेवट सुरुवातीला असा जुळवायचाय की व्हिडिओ पुन्हा सुरू झालेला कळू नये. पण शेवटचा शब्द आणि पहिला शब्द यांच्यात दर वेळी धक्का जाणवतो. नेमकं काय करू? आणि माहिती देणाऱ्या व्हिडिओला लूप करावा का?

सांधेजोड
धक्का बहुतेक वेळा कापण्यात नसतो, रेकॉर्डिंगमध्ये असतो. पहिलं वाक्य आपण ताज्या दमानं, वरच्या पट्टीत बोलतो. शेवटचं बोलताना आवाज आपोआप खाली बसतो, कारण मराठीत क्रियापद आलं की वाक्य मिटतं. असे दोन आवाज नंतर कितीही सफाईनं जोडले तरी कानाला जोड कळतोच.

म्हणून सांधा जिथे हवा, तिथलं वाक्य एका दमात सलग बोला आणि मग मधून कापा. तुमच्या विषयात शेवट असा करता येईल: ‘दुसरी गाठ उलट दिशेनं घ्या, नाहीतर’. आणि सुरुवात: ‘बुटाची नाडी सारखी सुटते’. रेकॉर्ड करताना ‘नाहीतर बुटाची नाडी सारखी सुटते’ हे अखंड बोला. नंतर ‘नाहीतर’पाशी कट घ्या आणि पुढचा तुकडा टाइमलाइनच्या सुरुवातीला नेऊन ठेवा. श्वास, माइकपासूनचं अंतर, पट्टी, सगळं आपोआप जुळतं. ‘बुटाची’ हा शब्द इथे सोयीचा आहे. ‘ब’ला ओठ मिटतात, आवाज क्षणभर दबतो आणि कट तिथे लपतो. ‘आपली नाडी’ असं सुरू केलंत तर ‘नाहीतर’मधला ‘र’ पुढच्या ‘आ’त मिसळतो आणि कुठेही कापलं तरी तुटल्यासारखं ऐकू येतं.

दुसरी अट: सुरुवातीचं वाक्य एकटंही पूर्ण वाटलं पाहिजे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ‘नाहीतर’ ऐकूच आलेलं नसतं.

चित्रालाही हीच युक्ती. चुकीची गाठ ओढून सोडवणारा हात आणि मोकळी पडणारी नाडी एकाच शॉटमध्ये घ्या. नाडी पडत असतानाच कापा, हालचालीचा पुढचा अर्धा भाग सुरुवातीला लावा. डोळा हालचालीमागे जातो, कट निसटतो. फोनवर एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करायला विसरू नका. ते ऑटोवर राहिले तर १२ सेकंदांत उजेड सरकतो आणि सांध्यावर चित्र लुकलुकतं.

उलटसुलट
एवढी खटपट कशाला? क्लिप पुढे चालवा, मग तीच उलटी चालवा. पहिली आणि शेवटची फ्रेम आपोआप सारखी होते. लूप झाला की रीप्ले वाढतात, पाहण्याच्या वेळेची सरासरी १०० टक्क्यांवर जाते, म्हणजेच शेवटपर्यंत पाहणारेही वाढले.

सांधेजोड
फ्रेमचं बरोबर आहे, पण नाडी बांधताना उलटा प्रवास लगेच ओळखू येतो आणि आवाज तर उलटा चालवताच येत नाही. डोलणारी फांदी, झुलणारा पडदा असेल तर चालेल. तिथेही उलट्या तुकड्याच्या दोन्ही टोकांची एकेक फ्रेम काढून टाका, नाहीतर तीच फ्रेम लागोपाठ दोनदा येते. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत ती सेकंदाचा तिसावा भाग अडखळते. एकदा पाहताना कळत नाही, तिसऱ्या फेरीला नक्की कळतं.

आकड्याबाबत गफलत होतेय. १२ सेकंदांचा व्हिडिओ तिघांनी पाहिला असं धरा. एकानं सलग तीनदा पाहिला, म्हणजे ३६ सेकंद. बाकीचे दोघे ३ सेकंदांवर गेले. एकूण ४२, सरासरी १४ सेकंद, म्हणजे सुमारे ११७ टक्के. शेवटपर्यंत पोचला मात्र तिघांत एकच. सांधा चांगला असेल तर रीप्ले वाढतील. तिसऱ्या सेकंदाला जाणाऱ्यांना तो थांबवू शकत नाही, कारण ते सांध्यापर्यंत येतच नाहीत.

सरळमार्ग
याला जोडून सांगते. यूट्यूब शॉर्ट्सवर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरतात, किमान वेळेची अट नाही. जुन्या पद्धतीचा आकडा ‘एंगेज्ड व्ह्यूज’ म्हणून वेगळा दाखवतात आणि कमाईसाठी तोच धरतात. फुगलेल्या व्ह्यूजवरून लूप जमला असं ठरवू नका. रिटेन्शनच्या आलेखात शेवटचे दोन सेकंद बघा. रेषा तिथे कोसळत असेल तर शेवट जवळ आल्याचं लोकांना आधीच कळतंय.

माझा विरोध मुळातच आहे. शिकवणाऱ्या व्हिडिओत शेवटी बरोबर गाठ दिसली पाहिजे आणि ती एक-दीड सेकंद स्थिर राहिली पाहिजे. नाडीचे फासे बुटाला आडवे बसले तर गाठ बरोबर, उभे वळले तर चुकीची. हा फरक बघायला माणसाला क्षणभर थांबायला हवं. तुमच्या लूपमध्ये शेवटचं दृश्य चुकीची गाठ सुटण्याचं आहे. पाहणारा तेच डोक्यात घेऊन जाईल.

सांधेजोड
बरोबर गाठ ८व्या ते १०व्या सेकंदात स्थिर दाखवा आणि उरलेले दोन सेकंद सांध्याला द्या. शिकवणंही झालं, लूपही झाला.

सरळमार्ग
१२ सेकंदांतले दोन सांध्यात गेले तर गाठीला उरलं काय? तुम्ही ‘नाहीतर’ म्हटलंत की माणूस उत्तराची वाट बघतो आणि त्याला मिळते जुनीच सुरुवात. काही जण पुन्हा पाहतील, काहींना फसवल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा गाठ दाखवून व्हिडिओ तिथेच कापा, निरोपाचं वाक्य नको. हात हलत असताना ज्याला पायरी नीट दिसली नाही, तो गरज म्हणून पुन्हा पाहील. तो रीप्ले मला जास्त मोलाचा वाटतो.

काळीचौकट
माझा लूप बरोबर आहे, पण दर फेरीला क्षणभर काळा पडदा येतो. ॲपचा दोष असावा. कुणाला असं झालंय का?

सांधेजोड
आधी टाइमलाइनचं शेवटचं टोक मोठं करून बघा. बहुतेक वेळा आवाजाची किंवा मथळ्याची पट्टी चित्राच्या दोन-चार फ्रेम पुढे गेलेली असते आणि एक्सपोर्टमध्ये तेवढा भाग काळा येतो. सगळ्या पट्ट्या एकाच फ्रेमवर संपवा. मग फाइल अपलोड करण्याआधी तीन फेऱ्या जोडून तपासा:

```
ffmpeg -stream_loop 2 -i loop.mp4 -c copy test.mp4
```

इथे काळं दिसलं तर दोष फाइलमध्ये आहे. इथे दिसलं नाही आणि फोनवर दिसलं, तर मात्र प्लेअरकडे बघावं लागेल.

पहिलीफ्रेम
‘नाहीतर’ एका दमात बोलून कापलं, आवाजातला धक्का गेला. मागे संगीत टाकलं की मात्र सांध्यावर बारीक खाच ऐकू येते.

सांधेजोड
एएसी आवाजाच्या फाइलला सुरुवातीला काही मिलिसेकंदांची मोकळी जागा लागते आणि प्रत्येक प्लेअर ती पूर्ण गाळतोच असं नाही. सांध्यावर लांबलेला सूर असेल तर तिथे खाच पडते. म्हणून सूर सांध्यापलीकडे नेऊ नका, ठेक्याचा ठोका पहिल्या फ्रेमवर आणा. १०० बीपीएमला एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे १२ सेकंदांत बरोबर २० ठोके. चार-चारच्या मात्रेत पाच आवर्तनं पूर्ण बसतात. शेवटच्या ठोक्याचा घुमारा कापला जात असेल तर तेवढी शेपूट वेगळ्या पट्टीवर सुरुवातीला ठेवा.

सरळमार्ग
शेपूट सुरुवातीला ठेवली तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती कुठून आली हे कळणार नाही. अशा व्हिडिओला मी संगीतच काढून टाकेन. नाडी घासल्याचा खरा आवाज पुरेसा आहे.

पहिलीफ्रेम
दोन्ही प्रकारे करते. एकात ‘नाहीतर’वर लूप, दुसऱ्यात आडव्या गाठीवर कट, दोन्हीत संगीत नाही. शेवटच्या दोन सेकंदांचे आलेख इथेच टाकेन.